चिमणीच्या वाटेवरची 240 मेगावॅट वीज

उरणजवळ बोकडविऱ्याला महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र आहे. 1982 साली राज्य वीज मंडळाने तिथे गॅस टर्बाइन चालवायला सुरुवात केली. आधी 60 मेगावॅटचे छोटे संच आले आणि 1985-86 च्या सुमारास 108 मेगावॅटचे चार मोठे संच उभे राहिले. छोटे संच पुढे निवृत्त झाले. 1994 साली याच आवारात आणखी दोन संच सुरू झाले, प्रत्येकी 120 मेगावॅटचे. या दोन संचांसाठी गॅसची वेगळी जोडणी घ्यावी लागली नाही. कोळसा, तेल, कसलंच नवं इंधन त्यांना लागत नाही. मोठ्या टर्बाइनांच्या चिमण्यांतून जो तापलेला वायू आकाशात जात होता, त्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हे दोन संच फिरवायचे. चार गॅस टर्बाइनांचे 432 आणि वाफेच्या दोन संचांचे 240, असे मिळून 672 मेगावॅट. आज केंद्राची क्षमता म्हणून हाच आकडा सांगितला जातो.

इंधनावाचून 240 मेगावॅट ही किती मोठी गोष्ट आहे, हे गॅसच्या हिशेबात पाहिलं की नीट कळतं. चारही गॅस टर्बाइन पूर्ण जोराने चालवायच्या तर दिवसाला साधारण 35 लाख घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. 240 मेगावॅट वीज त्याच जातीच्या टर्बाइनांतून वेगळी काढायची म्हटली, तर आणखी सुमारे 19 लाख घनमीटर रोज जाळावा लागला असता. आपल्याकडे गॅस नेहमीच तुटीचा, त्यामुळे ही बचत केवळ कागदावरची राहत नाही.

ही वीज येते कुठून, आणि चिमणीतली सगळीच उष्णता का पकडता येत नाही, हे दोन प्रश्न मला या विषयाचा गाभा वाटतात. पहिल्याचं उत्तर तसं सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर पाण्याच्या उकळण्यात आहे, आणि ते जास्त सुंदर आहे.

आधी गॅस टर्बाइन म्हणजे काय ते पाहू. एका लांब आसावर पुढे कंप्रेसर आणि मागे टर्बाइन असते. कंप्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो, दाबलेल्या हवेत गॅस जाळतात, आणि तापून फुगलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळत बाहेर पडतो. टर्बाइनला मिळालेल्या शक्तीतली निम्मी किंवा त्याहूनही जास्त शक्ती कंप्रेसर फिरवण्यातच खर्च होते. उरलेली जनित्राला जाते. ज्वलनानंतर पात्यांपाशी पोचणारा वायू जुन्या टर्बाइनांत हजार-अकराशे अंश सेल्सिअसचा असतो, नव्या टर्बाइनांत पंधराशेच्या वर. काम करून बाहेर पडताना तो निवतो खरा, पण तेव्हाही त्याचं तापमान पाचशे ते सहाशे अंशांच्या घरात असतं. एवढ्या तापमानाला शिसं वितळतं. उष्णतेच्या दृष्टीने हा वायू अजून तरणाताठा असतो.

याच्या शेजारी आता कोळशावरचं केंद्र ठेवून पाहा, चंद्रपूरचं किंवा कोराडीचं. तिथे उलटी स्थिती आहे. वाफ टर्बाइनमधून निघून कंडेन्सरमध्ये पाणी होते तेव्हा तिचं तापमान चाळीस-पंचेचाळीस अंश असतं. खालचं टोक इतकं चांगलं की उन्हाळ्यातल्या विदर्भाच्या हवेएवढं. पण वरच्या टोकाला अडचण आहे. भट्टीतल्या ज्वाळेचं तापमान दीड हजार अंशांपर्यंत जातं, वाफ मात्र 540 ते 600 अंशांपलीकडे नेता येत नाही, कारण प्रचंड दाबाची ती वाफ पोलादाच्या हजारो नळ्यांतून वाहते आणि त्याहून तापल्यावर पोलाद हळूहळू पसरू लागतं. गॅस टर्बाइनमध्ये सर्वांत तापणारी पाती मोजकीच असतात. ती निकेलच्या मिश्रधातूची करतात, आत बारीक पोकळ्या ठेवून त्यांतून थंड हवा खेळवतात, वर सिरॅमिकचा लेप देतात. किलोमीटरच्या किलोमीटर नळ्यांना असे लाड परवडत नाहीत. म्हणून कोळशाच्या केंद्रात दीड हजार अंशांवरून साडेपाचशेपर्यंतची उतरण काहीही काम न करता वाया जाते.

उतरण हा शब्द इथे नेमका बसतो. साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 साली उष्णतेच्या यंत्रांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्याने उष्णतेची तुलना उंचावरून पडणाऱ्या पाण्याशी केली होती. पाणी किती आहे याइतकंच ते किती उंचीवरून किती खाली पडतं हे महत्त्वाचं. तसंच उष्णता कोणत्या तापमानावरून कोणत्या तापमानापर्यंत उतरते यावर तिच्यातून किती काम निघेल हे ठरतं. आपल्याकडे याला कोयनेइतका चांगला दाखला नाही. शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला पडतं आणि पहिल्या दोन टप्प्यांची वीज करतं. ते तिथून सोडून दिलं जात नाही. कोळकेवाडीला धरण बांधून ते पुन्हा अडवलं आहे, आणि तिथून पुढे तेच पाणी आणखी खाली पडून तिसऱ्या टप्प्याचे 320 मेगावॅट देतं. गॅस टर्बाइन म्हणजे उष्णतेचं पोफळी, तर तिच्या चिमणीला जोडलेलं बॉयलर आणि वाफेची टर्बाइन म्हणजे कोळकेवाडी. फरक एकच, पण तो विसरून चालत नाही. पोफळीतून जितकं पाणी आत जातं तितकंच बाहेर येतं, उष्णतेचं तसं नाही. पहिल्या टप्प्यात जितकी वीज झाली तितकी उष्णता प्रवाहातून कमी झालेली असते. खुद्द कार्नोचीही इथेच फसगत झाली होती, त्याला वाटत होतं की उष्णता पाण्यासारखी शेवटपर्यंत टिकून राहते.

दोन चक्रांचा एकूण हिशेब करताना हाच फरक आडवा येतो. उरणमध्ये दोन गॅस टर्बाइनांमागे एक वाफेचा संच अशी जोडी आहे. एक जोडी घेऊ आणि सोयीसाठी असं धरू की गॅस टर्बाइन इंधनातल्या उष्णतेचे 30 टक्के विजेत बदलते. त्या पिढीच्या टर्बाइनांना हा आकडा शोभणारा आहे. दोन टर्बाइनांची वीज 216 मेगावॅट, म्हणजे इंधनातून येणारी उष्णता 720 मेगावॅट. बारीकसारीक गळती सोडली तर उरलेले 504 मेगावॅट तापलेल्या वायूबरोबर बाहेर पडतात. यातून वाफेचा संच 120 मेगावॅट काढतो, म्हणजे 504 च्या जवळपास 24 टक्के. आता एकूण कार्यक्षमता किती? तीस आणि चोवीस मिळून चोपन्न, असं पटकन तोंडात येतं. ते चूक आहे. खालच्या चक्राच्या वाट्याला मूळ इंधन येतच नाही, वरच्याने उरवलेले 70 टक्केच येतात. त्या सत्तराचे चोवीस टक्के म्हणजे सुमारे 17. तीस आणि सतरा, सत्तेचाळीस. सरळ भागाकार करूनही हेच येतं: 336 भागिले 720.

सूत्रात मांडायचं तर वरच्या चक्राची कार्यक्षमता a आणि खालच्याची b धरून एकूण कार्यक्षमता = a + b(1 − a).

हे चोवीस टक्के दोन पायऱ्यांत येतात. चिमणीकडे निघालेल्या 504 मेगावॅटपैकी बॉयलर किती पकडतं, ही पहिली. पकडलेल्यातून वाफेची टर्बाइन किती वीज करते, ही दुसरी. समजा बॉयलरने 70 टक्के पकडले, तर ते झाले सुमारे 353 मेगावॅट. टर्बाइनने त्याच्या 34 टक्क्यांची वीज केली की 120 मेगावॅट झाले. उरलेल्यातले सुमारे 150 मेगावॅट चिमणीतून जातात आणि 233 मेगावॅट कंडेन्सरच्या थंड पाण्यात. सगळी कसरत या दोन पायऱ्यांची आहे, कारण एक उंचावायला जावं तर दुसरी खचते.

इथे चिमणीला जोडलेल्या बॉयलरच्या आत डोकवायला हवं. इंग्रजी आद्याक्षरांवरून अभियंते त्याला एचआरएसजी म्हणतात, जुन्या केंद्रांत वेस्ट हीट बॉयलर हे नाव जास्त रुळलेलं आहे. त्यात सहसा ज्वाळा नसते. एका प्रचंड पेटीतून गरम वायू वाहतो आणि त्याच्या वाटेत पंखे लावलेल्या नळ्यांच्या रांगा उभ्या असतात. हे पंखे म्हणजे पोलादी पट्टीचे पातळ वळसे, वायूला शिवणारा पृष्ठभाग वाढवण्यासाठी दिलेले. पाणी वायूच्या उलट दिशेने जातं. वायू जिथे सर्वांत थंड आहे तिथे, चिमणीच्या तोंडाशी, पाणी आत शिरतं आणि इकॉनॉमायझर नावाच्या नळ्यांत उकळीच्या जवळ येतं. मग ते ड्रममध्ये जातं. ड्रमला जोडलेल्या इव्हॅपोरेटर नळ्यांत त्याची वाफ होते. शेवटी ती वाफ वायू सर्वांत गरम असतो तिथल्या सुपरहीटरमधून जाऊन कोरडी कडक होते आणि टर्बाइनकडे निघते.

आता आकडे घालून पाहू. वायू 530 अंशांना आत येतो. ड्रममध्ये 60 बार दाब ठेवला आहे, म्हणजे वातावरणाच्या सुमारे साठपट. त्या दाबाला पाणी 276 अंशांना उकळतं. पाण्याची अडचण अशी की उकळायला लागलं की पूर्ण वाफ होईपर्यंत त्याचं तापमान हलत नाही आणि उष्णता मात्र ते अधाशासारखं खात राहतं. वायूचं असं काही नसतं, उष्णता देताना तो एकसारखा निवत जातो. त्यामुळे इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या रांगेपाशी दोघांची तापमानं एकमेकांच्या अगदी जवळ येतात. पाणी 276 वर आहे आणि वायू निवत निवत 286 वर आला आहे. या सर्वांत अरुंद जागेला पिंच पॉइंट म्हणतात. दहा अंशांचा हा फरक आणखी कमी करायचा तर नळ्यांच्या रांगा वाढवत न्याव्या लागतात. शून्य करायचा म्हटला तर रांगा कधी संपणारच नाहीत.

किती वाफ होणार हे याच ठिकाणी ठरतं. 530 पासून 286 पर्यंत वायूने जी उष्णता दिली तेवढ्यातच पाणी उकळायचं आणि वाफ तापवायची आहे. हिशेब केला तर दर किलो वायूमागे जेमतेम 120 ग्रॅम वाफ होते. एवढी वाफ व्हायची तर इकॉनॉमायझरमध्ये पाणीही तेवढंच, 120 ग्रॅम. ते शंभर अंशांना आत आलं तर 276 पर्यंत जाताना वायूचं तापमान आणखी फक्त 85-90 अंशांनी खाली आणतं. म्हणजे वायू सुमारे 200 अंशांना चिमणीत शिरतो. वायूत उष्णता आहे आणि पाण्यालाही ती हवी आहे, तरी घेता येत नाही, कारण घ्यायला पुरेसं पाणीच नाही. पाणी वाढवून उपयोग नाही, ते उकळवायला पिंचच्या वरची उष्णता कमी पडते.

मग दाब कमी केला तर? 20 बारला पाणी 212 अंशांनाच उकळतं. पिंच खाली सरकतो, वाफ जास्त होते, चिमणी थंड होते. पहिली पायरी उंचावली. पण कमी दाबाच्या वाफेकडून टर्बाइनला दर किलोमागे काम कमी मिळतं, दुसरी पायरी खचली. दाब वाढवला तर बरोबर उलट होतं. एकाच दाबावर काम करणाऱ्या बॉयलरला या ओढाताणीतून सुटका नाही. मधला कुठला तरी दाब निवडायचा आणि जे हातचं गेलं ते गेलं, असं करावं लागतं.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी एकाच्या जागी दोन ड्रम बसवले. पहिला ड्रम मोठ्या दाबाचा. त्याच्या इकॉनॉमायझरच्या पुढे, जिथे वायू दोनशेच्या आसपास आला आहे, तिथे पाच-सहा बारचा दुसरा ड्रम. त्या दाबाला पाणी 155-160 अंशांना उकळतं, म्हणून दोनशे अंशांचा वायू त्याला पुरून उरतो. ही कमी दाबाची वाफ टर्बाइनच्या पुढच्या डोक्यात न घालता मधल्या टप्प्यात सोडतात, जिथे मोठ्या दाबाची वाफही पसरून तितक्याच दाबाला आलेली असते. आता वायू शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत निववता येतो. बाहेरची हवा 30 अंशांची धरली तर 530 पासून तिथपर्यंतच्या 500 अंशांतले एका दाबात 330 पदरात पडत होते, दोन दाबांत ते 420-430 होतात. आजच्या मोठ्या केंद्रांत तीन दाब असतात, शिवाय टर्बाइनमधून अर्धवट पसरलेली वाफ परत बॉयलरमध्ये आणून पुन्हा तापवतात. त्यांच्या चिमणीचं तापमान 80-90 अंशांपर्यंत खाली येतं.

त्याखाली का जात नाहीत? वायूत ज्वलनाने तयार झालेली पाण्याची वाफ असते. नळीचा पृष्ठभाग पन्नासेक अंशांच्या खाली गेला तर ती नळीवर बाहेरून दव धरते आणि पोलाद गंजतं. इंधनात गंधक असेल तर हे पाणी आम्ल होतं आणि त्याचं दव खूप आधीच, शंभराच्या वर, पडायला लागतं. नैसर्गिक वायूत गंधक जवळजवळ नसतं म्हणूनच एवढं खाली उतरण्याची चैन करता येते. तेच केंद्र डिझेलवर किंवा नाफ्थ्यावर चालवायचं झालं तर चिमणी जास्त गरम ठेवावी लागते.

कोळशाच्या केंद्रात घडलेल्या अभियंत्याला इथल्या काही गोष्टी उलट्या वाटतात. कोळशाच्या केंद्रात बॉयलरकडे जाणारं पाणी टर्बाइनमधली थोडी थोडी वाफ काढून घेऊन दोन-अडीचशे अंशांपर्यंत आधीच तापवतात. त्याने कार्यक्षमता वाढते, आणि ते पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणातच शिकवतात. संयुक्त केंद्रात हे केलं तर नुकसान होतं. इथे पाणी होईल तेवढं थंड यायला हवं, कारण चिमणीतल्या शेवटच्या उष्णतेला गिऱ्हाईक तेच एक आहे. दव पडणार नाही एवढं, साधारण साठ अंशांपर्यंत, तापवायचं आणि थांबायचं.

दुसरी उलटी गोष्ट गॅस टर्बाइनच्या निवडीत आहे. एकटी चालवायची असेल तर हवा जास्त दाबणारी टर्बाइन चांगली, तिची स्वतःची कार्यक्षमता जास्त असते. पण ती वायू थंड करून सोडते, आणि मग खालच्या चक्राला वाफ चांगली मिळत नाही. म्हणून संयुक्त केंद्रासाठी थोडा दाब सोडून देतात आणि बाहेरचा वायू सहाशे अंशांच्या आसपास गरम राहू देतात. जोडीचं भलं व्हावं म्हणून एकीने आपला आकडा थोडा खाली घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. कमी भारावर चालवतानाही हेच दिसतं. नुसता गॅस कमी केला तर वायू निवतो आणि वाफ बिघडते. म्हणून कंप्रेसरच्या तोंडाशी असलेल्या फिरत्या पात्यांची उघड कमी करून हवाही कमी करतात. गॅस टर्बाइनची कार्यक्षमता त्याने घसरते, पण बाहेरचा वायू गरम राहतो आणि एकूण हिशेब सावरतो.

या वाटेने गेल्यावर किती मजल मारता आली? 1939 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नोशातेल इथे वीजनिर्मितीसाठी जी पहिली गॅस टर्बाइन चालली, तिची क्षमता 4 मेगावॅट आणि कार्यक्षमता साडेसतरा टक्क्यांच्या आत होती. 2016 मध्ये फ्रान्समधल्या बुशेन केंद्राने 62.22 टक्के गाठले आणि जपानच्या निशि-नागोया केंद्राने 2018 मध्ये 63.08. बुशेनसारख्या केंद्राचा हिशेब आपल्या सूत्रात बसवून पाहता येतो. गॅस टर्बाइन साधारण 42 टक्के, उरलेल्या 58 पैकी नव्वद टक्के बॉयलर पकडतं, त्यातून वाफेची टर्बाइन 39 टक्के काढते. 58 चे नव्वद टक्के 52, त्याचे 39 टक्के सुमारे 20. बेचाळीस आणि वीस, बासष्ट. या आकड्यांबद्दल एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. गॅस जळताना जी पाण्याची वाफ होते तिच्यात अडकलेली उष्णता ते मोजतच नाहीत. ती मोजली तर मिथेनच्या बाबतीत सगळे आकडे सुमारे दहाव्या भागाने उतरतात, बासष्टचे छप्पन होतात. कोळशाच्या केंद्राशी तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापाने घेतले आहेत का, ते पाहावं.

चांगल्या केंद्राची ही उष्णता कालांतराने निसटू लागते, तेही फारसा आवाज न करता. बहुतेक ठिकाणी गॅस टर्बाइन आणि बॉयलर यांच्यामध्ये एक मोठा झडपदार दरवाजा असतो, त्याला डायव्हर्टर डॅम्पर म्हणतात. वाफेचा संच बंद असेल तेव्हा वायू सरळ बायपास चिमणीतून वर सोडण्यासाठी तो ठेवतात. वर्षानुवर्षं तापून-निवून या दरवाजाच्या कडा वाकतात आणि तो बंद असतानाही फटीतून वायू वर जात राहतो. दोन टक्के वायू असा गेला तर वाफही दोन टक्क्यांनी घटते, म्हणजे 120 मेगावॅटच्या संचामागे जवळजवळ अडीच मेगावॅट, रात्रंदिवस. गॅस टर्बाइन ठणठणीत, बॉयलर स्वच्छ, आणि वाफ मात्र कमी, असं दिसलं की अनुभवी माणूस आधी बायपास चिमणीचं तापमान पाहतो. बंद चिमणी थंडच असायला हवी.

मुख्य चिमणीचं तापमानही बोलकं असतं. ते भार न बदलता महिन्यागणिक वर सरकत असेल तर नळ्यांवर थर बसला आहे आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. थर बसला की वायूची वाटही अरुंद होते. बॉयलर मुळातच गॅस टर्बाइनच्या मागे थोडा अडथळा उभा करतं, साधारण 300 मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा, आणि तो वाढला की वरच्या चक्राची वीज कमी होते. म्हणून नळ्यांच्या रांगा हव्या तितक्या वाढवता येत नाहीत. खालच्या चक्राला मिळालेला प्रत्येक अंश वरच्या चक्राकडून थोडी किंमत वसूल करून घेतो. आणि टाकीतून रोज भरावं लागणारं शुद्ध पाणी अचानक वाढलं तर समजायचं, कुठलीतरी नळी फुटली आहे. कमी दाबाच्या ड्रमच्या वळणांत हे जास्त घडतं. तिथे दीडशे अंशांच्या आसपास वेगाने धावणारं पाणी आणि वाफेचं मिश्रण पोलादावरचा संरक्षक थर आतून विरघळवत नेतं आणि भिंत कागदासारखी पातळ होते. पाण्यातलं लोहाचं प्रमाण तपासणं आणि वळणांची जाडी ध्वनिलहरींनी मोजत राहणं, हाच यावर पहारा.

सगळ्यांत मोठा ताण मात्र रोज बंद-चालू करण्याचा असतो, आणि तो आता वाढत चालला आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा गॅसची केंद्रं थांबवायची आणि संध्याकाळी पुन्हा उठवायची, अशी मागणी जगभर होते आहे. गॅस टर्बाइन एकटी असेल तर अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भाराला येते. वाफेच्या बाजूचे ड्रम जाड भिंतींचे, टर्बाइनचं आवरणही जाड, ते घाईने तापवले तर आत-बाहेर तापमानाचा फरक पडून तडे जातात. थंड अवस्थेतून पूर्ण संयुक्त चक्र उभं राहायला काही तास लागतात. त्यात आणखी एक खोच आहे. सुरू करण्यापूर्वी साठलेला गॅस असेल तर तो निघून जावा म्हणून बॉयलरमधून काही मिनिटं थंड हवा फिरवतात. आदल्या दिवसाच्या उष्णतेने अजून तापलेल्या सुपरहीटरमधली वाफ त्या हवेने पाणी होऊन तळाशी साठते. ते पाणी काढून टाकल्याशिवाय आग दिली तर पाणी अडलेल्या नळ्या थंड आणि शेजारच्या तापलेल्या, अशी स्थिती होते. तापलेल्या नळ्या वाढतात, थंड वाढत नाहीत, आणि जोडावरचं वेल्डिंग तुटतं. एकदा असं झाल्याने काही बिघडत नाही, शे-दोनशे वेळा झालं की नळी दगा देते.

आपल्याकडे या सगळ्यावर गॅसच्या टंचाईची छाया आहे. गुहागर तालुक्यातलं अंजनवेलचं केंद्र, ज्याला लोक अजून दाभोळ म्हणतात, 1967 मेगावॅटचं आहे. तिथेही दोन गॅस टर्बाइनांमागे एक वाफेची टर्बाइन असे तीन गट आहेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यावर ते बंद पडलं आणि 2015 मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः पुन्हा सुरू झालं. उरणलाही गॅस गरजेपेक्षा कमीच मिळत आला आहे.

गॅस अपुरा असला की दोन चक्रांचं गणित नियंत्रण कक्षातल्या रोजच्या निर्णयात उतरतं. समजा चार टर्बाइनांच्या केंद्राला दोनच टर्बाइनांपुरता गॅस आहे. प्रत्येक जोडीतली एकेक चालवली तर वाफेचे दोन्ही संच निम्म्या वाफेवर रखडत चालतात, त्यांची कार्यक्षमता घसरते, आणि दोन्हीकडचे पंप, कंडेन्सर, थंड पाण्याची व्यवस्था चालू ठेवावी लागते. एकाच जोडीतल्या दोन्ही टर्बाइन पूर्ण भाराने चालवल्या तर तेवढ्याच गॅसमध्ये एक वाफेचा संच भरून चालतो आणि दुसरीकडे दुरुस्तीला हात घालता येतो. गॅस दीड टर्बाइनपुरताच असेल तेव्हा प्रश्न कठीण होतो. दोन्ही तीन-चतुर्थांश भारावर चालवायच्या की एक पूर्ण आणि दुसरी निम्म्यावर? तिथे अभियंता बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाकडे पाहतो. हवेची पाती आवळून दोन्हीकडे तापमान टिकवता येत असेल तर बहुधा दोघी समान भारावर चालतात. निम्म्या भारावरच्या टर्बाइनचा वायू निवतो आणि ती वाफेच्या संचाला काही देण्याऐवजी त्याची वाफ ओली करते.